लॅमिनेशन केलेलं चारित्र्य

आमच्या आंजी गावात महत्त्वाचा कागद हाती आला की तो आधी लॅमिनेशनच्या दुकानात जातो. त्यामुळे मला पोलिसांच्या तपासणीचा चारित्र्य दाखला मिळाला, तेव्हा बाबांनी मला न विचारता त्यावर जाड प्लास्टिक चढवून आणलं आणि तो बैठकीतल्या भिंतीवर टांगला. पाहुण्याच्या हाती पाण्याचा गिलास दिला की पुढचं वाक्य ठरलेलं, "पोरीवर एकबी गुन्हा नाई, सरकारनं लिहून देल्लं."

मी नर्स. आखातातल्या एका दवाखान्यात जाण्यासाठी धडपडत होते. खरं तर तो दाखला मी उगाच घाईनं काढला होता. कामं आधी उरकलेली बरी, हा घरचा संस्कार. पण तिथल्या लायसन्सच्या परीक्षेत मी पहिल्यांदा आपटले. दुसऱ्यांदा पास झाले, नोकरीचं पत्र आलं आणि नागपूरच्या एजंट बाईंनी दाखल्याचा फोटो पाहून कपाळाला हात लावला.

"हा सहा महिन्यांहून जुना झाला. त्यांना सहा महिन्यांच्या आतलाच लागतो. आणि नवा असता तरी प्लास्टिकवर दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का बसत नाही. महिनाअखेरपर्यंत फाईल पूर्ण करा, नाहीतर जागा दुसरीला जाईल."

डिग्री, कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचं पत्र, सगळं पक्कं होतं. शिळं झालं होतं फक्त माझं चारित्र्य. मला इतका राग आला की त्या दिवशी मी जेवलेच नाही.

परदेशासाठीचा हा दाखला पासपोर्ट ऑफिसातूनच मिळतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांच्या साइटवर नव्यानं अर्ज भरला. भेटीची वेळ मिळाली, तिथं कागद तपासून झाले आणि चौकशी आमच्या पोलीस ठाण्याकडे गेली. बोलावणं आल्यावर बाबाही सोबत आले, लॅमिनेशन काखेत घेऊन. ते त्यांनी हवालदारासमोर ठेवलं.

"साहेब, एकडाव चांगली ठरली ना माही पोरगी? मंग पुन्हा काऊन तपासून राह्यले?"

हवालदार हसले नाहीत. "काका, हा कागद त्या तारखेपर्यंतचा. त्याच्यानंतर पोरीनं काय केलं, हे याले काय माहीत?"

"काय करन? नापास झाली, पुन्हा अभ्यास केला, पास झाली."

"त्याचा गुन्हा लागत नाई," म्हणत त्यांनी रजिस्टर पाहिलं, माझा जबाब घेतला आणि अहवाल त्याच दिवशी वर पाठवला.

नवा दाखला हाती आला. बाबांनी तो गरम भाकरीसारखा दोन बोटांत धरला आणि लगेच मला परत दिला. दिल्लीचा शिक्का झाला, फाईल मुदतीत पोचली, व्हिसा आला. मी जिंकले होते, आणि ते मला गल्लीभर ओरडून सांगावंसं वाटत होतं.

निघायच्या दिवशी बैठकीत पाहुणे जमले होते. भिंतीवर जुना दाखला तसाच होता. मी म्हटलं, "बाबा, आता काढा तो. मुदत संपली त्याची."

"तिकडच्यासाठी संपली," बाबा म्हणाले आणि नव्या पाहुण्याच्या हाती पाण्याचा गिलास दिला.