वाफेमामांच्या फोटोखालचं लिहिणं

ये ग सुमे, अशी जवळ बस. बेळगावात राहून माणसं विसरलीस. ग्रुपवर मामांच्या फोटोखाली नुसता अंगठा उमटवलास आणि मोकळी झालीस. खालचं वाचलं नाहीस, ते तुझ्या तोंडावरूनच कळतं. आता ऐक.

आपल्या रामनगरच्या काजूच्या कारखान्यात एकतीस वर्षं काजू वाफवणारे ते पुंडलिकमामा. सगळे त्यांना वाफेमामा म्हणायचे. तितका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. चहा दिला तरी आधी कपात डोकवायचे. माल आला की पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठभर बी काढायची आणि कानाशी धरून हलवायची. आत गर खुळखुळला तर सुकी, मुकी राहिली तर ओली. मग अडकित्त्यानं चार-सहा कापून बघायच्या. "अक्का, पोत्याचं तोंड गोड असतंय. बूड बघा," म्हणायचे.

वाफेच्या वेळीही तेच. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. एक बी काढून फोडायचे. वाफ कमी पडली तर टरफल सुटत नाही, जास्त झाली तर गर पिवळा पडतो. वाफवलेला माल गार होईपर्यंत फोडणाऱ्या बायकांना हात लावू द्यायचे नाहीत. बायका पुटपुटायच्या, "मामा, आम्ही काय चोरून न्हेतो व्हय?" मामा म्हणायचे, "न्हेत न्हाईसा. पण घाई करतासा."

एकदा खानापूरकडच्या एका व्यापाऱ्याचा टेंपो त्यांनी दारातूनच परत पाठवला. व्यापारी माझ्या कानाला लागला. "तुमचा माणूस कमिशन मागतोय. न्हाई म्हटलं, म्हणून माल नको झाला." आणि मला ते पटलं, बघ. सगळ्या बायकांसमोर मी मामांकडून गोदामाची किल्ली मागून घेतली. त्यांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी टेंपो बोलावून माल उतरवून घेतला. वाफवून फोडला, तर तीन गरांत एक काळा. दुसऱ्या दिवशी मी किल्ली मुकाट्यानं त्यांच्यापुढे सरकवली. चुकले, एवढं म्हणायला मात्र तोंड उघडलं नाही. तोवर गोष्ट त्यांच्या गावी, बाजारकुणंगला पोचली होती. पुंडलिक कमिशन खातो. त्यांच्या चुलतभावानं तर आपल्या बागेतली काजू बी आमच्या कारखान्याऐवजी दुसरीकडे घालायला सुरुवात केली आणि बोलणंही टाकलं.

यंदा मामांचे गुडघे थकले, म्हणून त्यांनी काम सोडायचं ठरवलं. गावच्या ग्रुपवर टाकायला माझ्या सुनेनं त्यांचा एकट्याचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'आमच्या परिवाराचा आधारस्तंभ, निष्ठावंत सेवक, मनःपूर्वक आभार.' पुढे हात जोडलेलं चित्र आणि फुलं. मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी फोन उलटा करून पाठ बघितली, जणू मागे आणखी काही लिहिलंय.

"अक्का, हे टाकू नका."

"का हो?"

"गावच्या ग्रुपवर एकट्या माणसाचा फोटो दोनदाच येतोय. मेल्यावर, न्हाईतर 'ह्याच्याशी वेव्हार करू नका' म्हणून. फुलं घातलासा, म्हणजे मेलो. फुलं काढलासा, तर चोर झालो. आन् निष्ठावंत कशाला? मी फितूर हाय असं कोण म्हणालंय काय?"

माझी मान खाली गेली. म्हणालं होतं कोण, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सून म्हणाली, "आत्ती, वरच्या दोनच ओळी दिसतात. बाकीचं दाबल्यावर उघडतं." म्हणजे नाव आणि काम आधी हवं. स्तंभ, सेवक असले शब्द कुणालाही लागू पडतात, ते सगळे काढले. मालाची जाहिरातही नको म्हटलं. नवा फोटो वाफेच्या टाकीपाशी काढला, मामांच्या शेजारी मी उभी. आणि मी स्वतः लिहिलं:

'हे पुंडलिकमामा. एकतीस वर्षं आमच्या कारखान्यातला काजू यांनी वाफवला. आज ते निवृत्त होत आहेत. पोत्याच्या तळातली बी कानाशी हलवल्याशिवाय त्यांनी माल उतरवू दिला नाही. एकदा त्यांनी परत पाठवलेला माल मी त्यांच्यावर संशय घेऊन उतरवून घेतला. तो खराब निघाला. त्यांनी कमिशन मागितलं नव्हतं. चूक माझी होती आणि ती तेव्हाच सगळ्यांसमोर सांगायला हवी होती. मामा, तुमचे आभार.'

मामांनी ओळींखाली बोट फिरवत दोनदा वाचलं. "हे तुमीच लिवलासा?"

"व्हय."

"सही करा खाली." मी खाली माझं नाव लिहिलं. मग मामा म्हणाले, "आता टाका."

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "अक्का, चुलतभाऊ आलाय. पडवीत बसलाय. चा प्याला, पोराबाळांचं इचारलं. बी कुठं घालू म्हणून मलाच इचारतोय."

"मग चांगलंच की, मामा."

"चांगलं कसलं? एवढ्या वर्सांनी आलाय. काय तरी पायजे असंल त्याला." मग म्हणाले, "जेवायला थांबवलाय. बघूया काय म्हणतोय."

सुमे, पुढच्या रविवारी ये. आपण दोघी बाजारकुणंगला जाऊ. आपण का आलो, असंही ते विचारतीलच, तयारीनं ये. पण लवकर ये.