रीस्टार्टचा रकाना

आमच्या गणन विभागात एक नोंदवही आहे, आणि ती मी ठेवतो. कोणतं गणित कधी लावलं, कोणत्या प्रोग्रामवर, किती तास लागले. सतरा वर्षांत एकही ओळ कोरी नाही. या वहीचा मला अभिमान होता. गेल्या वर्षी त्याच वहीच्या एका पानाने एका मुलीची नोकरी जवळजवळ घालवली.

भोपाळच्या ज्या कारखान्यात मी आहे, तिथे मोठी फिरती यंत्रं बनतात. त्यांच्या भागांवर ताण कुठे किती येईल, हे आम्ही आधी संगणकावर काढतो. ती मुलगी ग्वाल्हेरकडच्या मराठी घरातली, कंत्राटावर, मिसरोदला आईबरोबर भाड्याने राहणारी. आमचा जुना प्रोग्राम तिने चार महिने खपून सुधारला होता. शुक्रवारी संध्याकाळी नवा प्रोग्राम मशीनवर, म्हणजे आमच्या सामायिक मोठ्या संगणकावर, चढवला. सोमवारी पहिलं गणित लावलं. नेहमी सव्वासहा तास घेणारं गणित आठ तास चाळीस मिनिटं चाललं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

पंधरा दिवसांनी तिचं कंत्राट संपत होतं.

साहेबांनी माझ्याकडे आकडे मागितले. मी तक्ता करून दिला: तारीख, प्रोग्राम जुना की नवा, लागलेला वेळ. खाली सही केली. जुन्यासमोर सगळीकडे सव्वासहा, नव्यासमोर सगळीकडे साडेआठच्या वर. साहेबांनी त्याच कागदावर शेरा मारला की नव्या प्रोग्राममुळे वेळ वाढला, मुदतवाढीचा विचार करताना हे पाहावं. कागद वर गेला. तक्त्यात एकही आकडा चुकीचा नव्हता.

ती माझ्या टेबलापाशी आली. जुना प्रोग्राम एकदा परत चालवून बघू द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. साहेब म्हणाले, कामं तुंबलीत, प्रयोगासाठी मशीनचे आठ तास देता येणार नाहीत. आकडे समोर होते, मलाही पटलं होतं. हे लिहिताना अजून कान तापतात.

तिने मग संगणक विभागाच्या प्रमुखांना विचारलं, मशीनमध्ये काही बदल झालाय का. ते गृहस्थ हिंदीत, पाय हलवत म्हणाले, "मॅडम, नाच न जाने का किस्सा मत बनाइए." तरी त्यांनी दोन गोष्टी केल्या. मशीनचं फर्मवेअर, म्हणजे चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम, जुन्या आवृत्तीवर नेला. वेग तोच राहिला. मग अपडेटची यादी काढली. प्रोसेसरच्या मायक्रोकोडचं शेवटचं अपडेट तीन आठवड्यांपूर्वीचं होतं. त्यानंतर अठरा दिवस मशीन झकास चाललं होतं. लेखी उत्तर आलं: मशीन निर्दोष.

माझ्या वहीशीही ते जुळत होतं. मी मान डोलावली.

त्यानंतरच्या रविवारी मी घरी, अयोध्या नगरात, वीजबिल भरायला लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात अपडेट पूर्ण करण्यासाठी रीस्टार्ट करा अशी पाटी आली. मी 'नंतर' दाबलं. बायको मेथी निवडत शेजारी बसली होती.

"महिना झाला 'नंतर' दाबताय. मग ते अपडेट झालं कधी?"

मी म्हटलं, उतरलंय, लागू व्हायचंय. आणि बोलता बोलता थांबलो.

आमच्या विभागात मशीन बंद करायचं नाही असा दंडकच आहे. दिवसेंदिवस गणितं चालू असतात, मध्ये बंद केलं की सगळं वाया. एरवी आमचं मशीन बंद होतं ते फक्त यूपीएसच्या बॅटऱ्या बदलतात तेव्हा. आणि बॅटऱ्या बदलल्या होत्या मंद गणिताच्या आदल्या दिवशी, रविवारी. शुक्रवारी प्रोग्राम, रविवारी बॅटऱ्या, सोमवारी मंद गणित. वहीत शुक्रवार होता, सोमवार होता. रविवारला रकानाच नव्हता.

सोमवारी मी तिला घेऊन मशीनचा लॉग उघडला. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आज्ञांची दुरुस्ती. ती प्रोसेसरमध्ये कायमची राहत नाही, वीज गेली की पुसली जाते. दर वेळी चालू होताना आधी फर्मवेअर स्वतःजवळची देतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिमकडे त्याहून नवी असेल तर ती वर चढवते. म्हणून फर्मवेअर मागे नेऊन काहीच फरक पडणार नव्हता. दर वेळी कोणती आवृत्ती चढली याचा क्रमांक लॉगमध्ये असतो. सात महिन्यांपूर्वीच्या रीस्टार्टला एक, बॅटऱ्या बदलल्या त्या रविवारी दुसरा. म्हणजे ते अपडेट आल्यावर अठरा दिवस डिस्कवर नुसतं पडून होतं.

या दुरुस्तीने नेमकं काय बदललं ते तिने मला समजावलं. मेमरीत विखुरलेले आकडे एका झटक्यात गोळा करणारी एक आज्ञा असते. तिच्यातून दुसऱ्याच्या प्रोग्रामची माहिती झिरपू शकत होती. ती गळती बंद केली, तर आज्ञा हळू झाली. इतरांना ते जाणवतही नाही. आमचं गणित मात्र जवळजवळ त्याच आज्ञेवर चालतं, जुना प्रोग्रामही आणि नवाही.

मी साहेबांना विचारलं नाही. शनिवारी संगणक विभागाच्या प्रमुखांना समोर बसवून जुना प्रोग्राम लावला: आठ तास पंचावन्न मिनिटं. रविवारी गळती रोखणारी ती सुरक्षा तेवढी बंद ठेवून मशीन सुरू केलं, नवा प्रोग्राम लावला: सहा तास चार मिनिटं. म्हणजे तिचं काम जुन्यापेक्षा अकरा मिनिटांनी चांगलंच होतं. प्रमुख म्हणाले, "अब लिख के क्या होगा, सर." मशीनवर चार विभागांची माणसं असतात, त्यामुळे सुरक्षा पुन्हा सुरू करावीच लागली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुरुस्ती योग्य होती. ती कधी लागू झाली हे न पाहता माणूस दोषी ठरवणं योग्य नव्हतं.

मी नवा तक्ता घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "फाइल तो ऊपर गई."

"तो नीचे मँगवाइए," मी म्हणालो. सतरा वर्षांत त्यांच्यासमोर माझा आवाज पहिल्यांदा चढला. फाइल खाली आली नाही. माझा तक्ता परिशिष्ट म्हणून मागून गेला. तिला एक वर्षाऐवजी तीन महिने मिळाले, आणि आदेशात शब्द होते: कामगिरी तपासण्याच्या अटीवर.

तिने सही केली. घरभाडं आहे, आई आहे. मी तिची माफी मागितली तेव्हा ती संगणकावरून नजर न हटवता म्हणाली, "सर, तुमचे आकडे खरे होते ना, म्हणूनच तर सगळ्यांना पटलं."

त्या तीन महिन्यांत तिने आकड्यांची मांडणीच बदलली, ती आज्ञा कमी लागेल अशी. सुरक्षा चालू ठेवूनही गणित सात तासांच्या आत आलं. मुदत मग वर्षभराची झाली. साहेबांनी बैठकीत विभागाचं अभिनंदन करून घेतलं.

ती अट मात्र तिच्या फाइलमध्ये अजून आहे. ती काढून टाकावी म्हणून मी तीन अर्ज दिले. दोन अर्जांना उत्तर नाही. तिसऱ्यावर 'नोंद घेतली' असं आहे. माझ्या वहीत आता रीस्टार्टचा रकाना आहे. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर अर्जांच्या तारखा आहेत, आणि चौथ्याची ओळ मी आज आखली.