रेडिओत नाव धरून ठेवायची सोय

गंगाधरपंत खांबेटे लोणावळ्याच्या बाजारात रेडिओ विकत, आणि विकताना खरं बोलायची त्यांना फारशी सवय नव्हती. "मावशी, मागाल ते ऐकवतो हा," असं म्हणून त्यांनी कुसगावच्या बायडाबाईंना ट्रान्झिस्टर दिला होता. बायडाबाईंनी ते खरं मानलं आणि महिन्याभरात तो घेऊन त्या दुकानात परत आल्या.

"पल्टनीतल्या आमच्या शिदूचं नाव काल रेडिओवर फौजी गाण्यांत घेतलं म्हनं. मी गोठ्यात व्हते. भाऊ, ह्यात आसं कायतरी बसवा, की ऐकायचं ऱ्हायलेलं नाव ह्यो धरून ठेवंल."

"तसं बसवता येत नाही, मावशी. त्या घटकेला हवेतून येतं तेवढंच हा ऐकवतो. गेलेलं ह्याच्यापाशी उरत नाही."

बायडाबाईंनी फळीवरच्या महागड्या रेडिओकडे बोट केलं. "मंग त्यो थोरला ठेवंल?"

गंगाधरपंतांची जीभ सवयीनं वळवळली. "तोही नाही," ते म्हणाले. "विकताना मीच जास्त बोललो." त्यांनी ट्रान्झिस्टर बायडाबाईंपुढं सरकवला. "शिदूला पुन्हा फर्माईश पाठवायला सांगा. आणि ह्याला पट्टा आहे, तो खांद्याला अडकवून गोठ्यात जात जा."

बायडाबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कनवटीचं कोरं कार्ड पुढं केलं.

"तुमीच लिवा. नाव ऐकलं, लय ग्वाड वाटलं, म्हनून परत एकडाव घ्याया लाव म्हनावं. ऐकलं न्हाई आसं लिवू नगा, पोरगं झुरंल."

नुकतंच कुठं खरं बोलून मोकळे झालेल्या गंगाधरपंतांनी मान खाली घालून तसं लिहून दिलं.