मुद्दाम चुकवलेली वारंवारता

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. म्हणून काहीही करताना आधी वाटायचं, चुकलं तर? आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मला नेमकं मुद्दाम चुकायला सांगितलं.

परगावच्या एका संस्थेतलं क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा मूळ घटक, आम्हाला कोल्हापुरातून इंटरनेटवर चालवायला मिळायचं. त्याचा ताल किती वेळात विस्कटतो, ते मोजायचं होतं. एक पल्स, म्हणजे सूक्ष्मलहरींचा क्षणभराचा झटका, द्यायची, क्युबिटला मोकळं फिरू द्यायचं, दुसरी पल्स देऊन मोजायचं. थांबण्याचा वेळ वाढवत हेच पुन्हा पुन्हा. मी पल्सची वारंवारता क्युबिटशी अगदी तंतोतंत जुळवली. पडद्यावर आली नुसती उतरती रेघ.

"ही रेघ ताल विस्कटल्यानं उतरली, का तुझं जुळवणंच थोडं हुकलं म्हणून, कसं वळखणार?" पीएचडी करणारी गडहिंग्लजची ताई म्हणाली. "वारंवारता जरा चुकव की!"

"मुद्दाम, ताई?"

"मग काय मुहूर्त काढू?"

घाबरत चुकवली. लगेच लाटा उमटल्या, हळूहळू विरत गेलेल्या. त्या विरण्यावरून ताल किती टिकतो ते कळलं. मी इतका खूश झालो की ताई जेवायला गेल्यावर एकट्यानंच विस्कटलेला ताल परत जुळवणारा स्पिन एको लावला: थांबण्याच्या बरोबर मध्यावर अर्ध्या फेरीची एक पल्स.

लाटा गायब!

उद्या तोंडी परीक्षा, आणि मी क्युबिट बिघडवलं. चूक कमी पडली असेल म्हणून दुप्पट केली. मग चौपट. शेवटी पल्सच लंगड्या पडू लागल्या, पण लाट काही येईना.

ताई परतली. "काय करालाईस?"

"चूक वाढवतोय."

ती खुर्चीतच वाकून हसली. "आरं, मधली पल्स तुझी चूक बी पुसतीया की! पहिल्या अर्ध्यात जेवढं पुढं गेलं, तेवढं दुसऱ्या अर्ध्यात फिटतंय. आधीच्या लाटांच्या आलेखाशेजारी ठेवून बघ. ही रेघ किती उशिरा उतरली!"

खरंच, कितीतरी उशिरा.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच आलेखावर बोट ठेवलं. "लाटा कुठे गेल्या?"

मी अडखळत सांगितलं.

"मग सगळंच परत मिळालं?"

"न्हाय सर," घरची भाषाच तोंडातून निघाली. "जो फरक दोन्ही अर्ध्यांत सारखा ऱ्हातोय, तेवढाच पुसतोय. वाटेतच बदलला, तर न्हाय पुसत. म्हणून ही रेघ बी शेवटी उतरतीया."

ताईनं मान खाली घातली. परीक्षकांनी आलेख जवळ ओढला. मला वाटलं, वर्ष गेलं.

"हे कुणी समजावलं?"

"ताईंनी. पण आधी मी तासभर उलटं करत होतो, सर."

"छान," ते सही करत म्हणाले. "तेही रिपोर्टमध्ये लिहा. पुढच्या मुलांचा तास वाचेल."