उघडा थर्मोस्टॅट आणि बिस्किटांचा पुठ्ठा

केडगावला पुणे रस्त्यालगत आमचं गॅरेज. मी कामाला लागलो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा उन्हाळ्यात जीपगाड्या चहाच्या किटलीसारख्या उकळायच्या. आमचे उस्ताद पहिलं काम काय करत, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढायचा आणि गटारात फेकायचा. म्हणायचे, "पानी मोकळं फिरू दे, इंजिन थंड राहतंय." त्यांचं ऐकून मीही चाळीस वर्षं तेच केलं. किती फेकले याचा हिशेब देव ठेवत असेल.

पुढे गॅरेज मुलाच्या हातात गेलं. त्याने गाडीला जोडून बिघाड शोधायचा स्कॅनर आणला आणि थर्मोस्टॅट काढायचा नसतो असं मला शिकवू लागला. असल्या शहाणपणाची मला भारी चीड. पण मी एका गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीचा थर्मोस्टॅट फेकला, डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गिऱ्हाईक भांडून गेलं. मुलगा म्हणाला, "अण्णा, पुन्यांदा असं केलं, तर पान्याला हात लावायचा न्हाई. नुसतं खुर्चीत बसायचं." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पान्याशिवाय मी म्हणजे कोण?

डिसेंबरात राहुरीपलीकडच्या बेलापूरहून विहीणबाई आल्या. मुलाच्या सासूबाई, निवृत्त शिक्षिका, स्वतः गाडी चालवणाऱ्या. रात्रभर लेकीकडे राहून सकाळी निघायच्या वेळी गॅरेजात आल्या. मुलगा नगरात पार्ट आणायला गेला होता.

"व्याहीबुवा, तापमानाचा काटा वर चढत नाही, हीटर कोमट फुंकतो, पाय गारठतात. आणि हा पिवळा दिवा लागलाय."

मी गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपावर हात ठेवला. खरं तर इंजिन तापेपर्यंत तो गार राहायला हवा, पण हा लगेच कोमट व्हायला लागला. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. इंजिन सुरू झाल्यापासूनच पाणी रेडिएटरमध्ये फिरून गार होत होतं, मग इंजिन तापणार कधी आणि हीटरला ऊब मिळणार कुठून?

निदान बरोबर होतं. उपाय मात्र माझ्यातल्या खोडकर म्हाताऱ्याने ठरवला. नवा पार्ट मागवला तर मुलाचं खरं ठरलं असतं. म्हणून ट्रकवाले थंडीत करतात तसा बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा वारा अडवायला रेडिएटरसमोर अख्खा बसवला आणि दिव्यावर काळी टेप चिकटवली. दिवा विझला नव्हता, दिसत नव्हता एवढंच. पाच-दहा मिनिटांत काटा वर आला, हीटर गरम झाला. "जुना हात हाय, विहीणबाई," असं म्हणून मी मिशीवर ताव दिला. त्या खूश होऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत आल्या. हातात तोच पुठ्ठा होता. आदल्या दिवशी राहुरीजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागे चढत्या उन्हात गाडी रांगत होती, वारा आत शिरेना आणि काटा थेट लालवर गेला. त्यांनी लगेच इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं म्हणून थोडक्यात निभावलं. मला खरोखर लाज वाटली. त्या एकट्या, भर रस्त्यात, माझ्या हट्टापायी.

मुलाने पुठ्ठा पाहिला, टेप पाहिली. त्याला विचारायची गरजच नव्हती.

"मीच केलं," मी म्हणालो.

"झालं. आजपासून पाना बंद."

मी खुर्चीकडे वळलो, तोच विहीणबाईंनी पर्स टेबलावर आपटली. "जावईबापू, चुकलेल्याला वर्गाबाहेर काढून काय शिकवणार? माझी गाडी हेच दुरुस्त करतील. तुम्ही नुसतं बघा."

इंजिन गार होईपर्यंत थांबलो. मुलाने नवा थर्मोस्टॅट आणून दिला. मी पाणी काढलं, झाकण सोडलं, अडकलेला जुना बाहेर काढला. तो गार असूनही तोंड वासून होता. इथवर हात आपोआप चालत होते. मग नवा उचलला आणि तसाच थांबलो. चाळीस वर्षांत काढले होते शेकड्याने, बसवला एकही नव्हता.

गॅरेजातली सगळी माणसं बघत होती. विहीणबाई तर चष्मा पुसून बघत होत्या.

"का रे," मी घसा खाकरून मुलाला विचारलं, "ह्याची कोंची बाजू आत जाती?"

मुलगा हसला नाही. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "स्प्रिंग इंजिनाकडं, अण्णा." आणि पाना माझ्या हातात ठेवून बाजूला झाला.