प्रेमिलाताईंचे शंभर टक्के

आमच्या एआरटी सेंटरात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात, मी औषधं वाटतो आणि शेजारच्या टेबलावर समुपदेशक प्रेमिलाताई लोकांना गोळ्यांची शिस्त लावतात. विभागात शंभर टक्के गोळ्या घेणारे रुग्ण सर्वांत जास्त त्यांचे. त्याचं प्रशस्तिपत्र त्यांनी स्वतःच्या पैशाने फ्रेम करून घेतलंय.

कोराडीच्या वीज केंद्रातले रुपराव (नाव बदललंय) एचआयव्हीचा रिपोर्ट कळल्यावर आले, तेव्हा बाईंनी नेहमीचा पाठ एका दमात म्हटला. रोज एक गोळी, ठरल्या वेळी, रात्री नऊला. सुरुवातीला मळमळेल, डोकं दुखेल, थोड्या दिवसांत जाईल. अंगावर पुरळ आलं किंवा डोळे पिवळे झाले तर लगेच या, मनाने गोळी बंद करू नका. खाडे पडले तर विषाणू औषधाला दाद देणार नाही. शेवटी बोट नाचवून म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी डबी मोजीन. हिशोब चुकला तं माझ्यासारखं वाईट कोणी नाही!"

पंधराव्या दिवशी मी डबी मोजली. तीसच्या डबीत चौदा घेऊन सोळा उरायला हव्या होत्या, सोळाच उरल्या. बाईंचा चेहरा फुलला. पण रुपराव सकाळपासून दोनदा ओकले होते.

"आतापर्यंत काही नाही, आज काहून?" बाईंनी विचारलं.

रुपराव खाली पाहत म्हणाले, "म्याडम, दुसऱ्या पाळीत नऊ वाजता चार जण समोर असतात. त्याईच्या पुढं गोळी कशी काढू? घरी अकराले येतो, टाइम निघून गेला म्हणून तीन दिवस घेतलीच नाही. मंग तुमी रागवान म्हणून काल चार एकदम घेतल्या. आमच्या लॉगशीटात एखाद्या तासाचं रीडिंग राहिलं का आमी मागून असंच भरतो."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. रुपरावांना डॉक्टरांकडे नेलं. तपासून डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काम नाही, पण पुन्हा असं नको. मग बाई पहिल्यांदाच पाठ सोडून बोलल्या, "भाऊ, अकराले आठवली तं अकरालेच घ्या. दुसऱ्या गोळीचीच वेळ आली असंन तं राहिलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. अन् राहिली तं मले सांगा. मी नाही रागावत."

मला मनातून हसू आलं आणि वाईटही वाटलं. माणूस आजाराला कमी भ्याला होता, बाईंना जास्त.

पुढच्या वेळी रुपरावांनी घ्यायची राहून गेलेली एक गोळी घाबरत टेबलावर ठेवली. बाईंनी सत्त्याण्णव टक्के लिहिले आणि त्यांना चहा पाजला. महिनाअखेरीला वरच्या साहेबांचा फोन आला, टक्का का घसरला?

"माणूस खरं बोलून राह्यला, साहेब," बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी रजिस्टर उघडलं आणि शंभर टक्केवाल्यांना एकेक करून फोन लावायला घेतला.