सोळापटीचा ठिपका

जालन्याजवळच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी कामाला होतो. पाण्याचा ताण दिल्यावर कपाशीच्या नव्या वाणात कोणती जनुकं जास्त चालतात, ते आम्ही आरएनए वाचून तपासलं होतं.

विक्रीच्या साहेबांनी व्होल्केनो प्लॉटवर, म्हणजे दर जनुकाला एक ठिपका असलेल्या आलेखावर, सगळ्यात उजवीकडच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"सोळापट! हेच पत्रकात टाक. उद्या अंबडला शेतकरी मेळावा आहे."

"साहेब, तो उजवीकडं आहे, पण खाली आहे. आडवं अंतर म्हणजे किती पट फरक, उंची म्हणजे भरवसा. तीन रोपांपैकी एकातच हे वाढलंय."

"पी व्हॅल्यू, म्हणजे योगायोगाची शक्यता, तर शून्य पूर्णांक शून्य एकच आहे ना?"

"पन्नास हजारांवर जनुकं तपासली. तेवढी पी व्हॅल्यू योगायोगानंही शेकडोंना मिळते. ते धरून सुधारलेली पी व्हॅल्यू शून्य पूर्णांक चार येते, म्हणजे भरवसा न्हाई."

"मंग वरचा कोणता?"

"हा. दुप्पटच, पण तिन्ही रोपांत बराबर. पीक तगेल, हे मात्र यातूनही ठरत न्हाई."

"दुप्पट वाचून बियाण्याची पिशवी कोण घेतंय, भाऊ?"

मला संताप आला. पिशवी घेणाऱ्याला हा आलेख कुणी दाखवणार नव्हतं.

"सोळापट छापलं तर मेळाव्यात उभा राहून हेच सांगीन," मी म्हणालो.

पत्रकात शेवटी फक्त वाणाचं नाव आणि लागवडीचं अंतर आलं. मेळाव्याला मला नेलं नाही.